पॉपकॉर्न : खालचे जळतात, वरचे गणंग

प्रश्न : घरी गॅसवर पॉपकॉर्न करायलेय पण जमतच नाही. पातेल्यात तेल कडकडीत तापवते, मका टाकते, घट्ट झाकण लावते. खालचे काळे होतात आणि मूठभर दाणे फुटतच नाहीत. आच कमी केली तर आणखीच गणंग राहतात. गॅस किती ठेवू, किती हलवू, कधी उतरवू?

उत्तर :

ताई, आधी एक काम करा, पुढच्या वेळी जे गणंग उरतील ते फेकू नका, ताटात पसरून बघा. काळे पडलेत का जसेच्या तसे पिवळे आहेत? काळे असतील तर आच जास्त झाली किंवा हलवणं कमी पडलं. पिवळे, गुळगुळीत, कुठंच तडा नाही असे असतील तर आच फारच कमी होती, नाहीतर मका वाळून गेलाय, आणि आपल्याकडं एप्रिल-मे मधे हे दुसरं कारण लई वेळा असतं.

दाण्याच्या आत थोडं पाणी असतं, साधारण १३-१४ टक्के. तापलं की त्याची वाफ होते पण वरचं साल इतकं टणक असतं की ती बाहेर पडू देत नाही, म्हणजे प्रत्येक दाणा म्हणजे एक बारका कुकरच. फरक एवढाच की आपल्या कुकरची शिट्टी ज्या दाबाला होते त्याच्या आठ-नऊ पट दाब आत तयार होतो आणि दाणा जवळपास १८० डिग्रीला फुटतो. आता आच मंद ठेवली तर काय होतं, दाण्याचं जे टोक कणसाला चिकटलेलं असतं तिथून वाफ हळूहळू निसटते, दाब बनतच नाही, गणंग. आणि भडक ठेवली तर बाहेरून दाणा तापून फुटतो पण आतला गाभा अजून तयार नसतो, मग लाही बारकी आणि चामट होते आणि जी आधी फुटली ती खाली पडून करपते. म्हणून तुम्ही आच कमी केली तर गणंग वाढले, वाढवली तर करपले. मधली आच पाहिजे हे तर आहेच, पण खरी गोष्ट ही की सगळे दाणे एकदम तयार झाले पाहिजेत.

आमच्याकडं मी असं करतो. जाड बुडाचं, सपाट, तीन-चार लिटरचं पातेलं. पातळ जर्मलचं घेऊ नका, त्याला जिथं ज्योत लागते तिथंच डाग पडतो. अर्धी वाटी मका, दोन मोठे चमचे रिफाइंड तेल. दाणे बुडाला एकाच थरात बसले पाहिजेत, जास्त घातले की वरचे थंड आणि खालचे गरम. करडईचं घाण्याचं तेल घरात असतं आपल्या, पण ते यात नको, दाणा फुटायच्या कितीतरी आधी धूर सोडतं आणि कडसर वास लाह्यांना लागतो. (भाजीला तेच वापरा, त्यात काही वाद नाही.)

मध्यम आचेवर, म्हणजे ज्योत पातेल्याच्या बुडाबाहेर येऊ नये एवढीच, तेल आणि फक्त तीन दाणे टाकून झाकण ठेवा. तिन्ही फुटेपर्यंत थांबा. तेल कडकडीत झालं का नाही हे डोळ्यानं ओळखायच्या भानगडीत पडायचंच नाही, ते तीन दाणेच सांगतात. फुटले की गॅसवरून पातेलं उतरवा, उरलेला मका टाका, हलवून तेल सगळ्याला लागू द्या, झाकण ठेवा आणि तीस सेकंद बाजूला असंच राहू द्या. हे बरेच जण करत नाहीत आणि मग म्हणतात जमत नाही. या अर्ध्या मिनिटात सगळे दाणे सारखे तापतात पण फुटायच्या जरा अलीकडंच राहतात, म्हणून परत गॅसवर ठेवलं की थोड्या वेळात सगळे सोबतच तडतडायला लागतात आणि आधी फुटलेल्याला खाली जळत बसावं लागत नाही.

झाकण घट्ट लावू नका. तुमच्या विरुद्ध बाजूला बारीक फट ठेवा, वाफ जायला. एवढ्या दाण्यातून निघालेली वाफ आत कोंडली की लाह्या सादळतात, आणि झाकणाचं पाणी तेलात पडून चटचट उडतं ते वेगळंच.

हलवायचं म्हटलं की लोक पातेलं हातभर उचलून झोके देतात, तसं करू नका, उचललं की बूड थंड होतं. दोन्ही हातात फडकी धरून, अंगठ्यानं झाकण दाबून, शेगडीच्या जाळीवरच मागं-पुढं सरकवायचं. सुरुवातीला दोन-चार सेकंदांनी एकदा पुरे. तडतड जोरात झाली की सारखं हलवा, कारण तेव्हा फुटलेल्या लाह्या वर येतात आणि न फुटलेले दाणे जड म्हणून खाली तेलात उतरतात, तेच आपल्याला पाहिजे. कढईत हे नीट होत नाही, गोल बुडामुळं ती डुगडुगते.

आता उतरवायचं. आवाज आधी एकेक, मग पावसासारखा, मग विरळ. विरळ झाला की मनात मोजा. एका फुटण्यापासून दुसऱ्यापर्यंत दोन सेकंद गेले की गॅस बंद, पातेलं खाली. जाड बूड बंद केल्यावरही बराच वेळ तापलेलं राहतं, मागचे पाच-सात दाणे त्या उष्णतेवर फुटतात. दहा सेकंद झाकण काढू नका, उशिरा फुटणारा दाणा गरम तेलासकट तोंडावर येतो. मग लगेच परातीत ओता, पातेल्यात ठेवाल तर खालचा थर तिथंच करपेल. शेवटचे दहा दाणे फुटावेत म्हणून थांबलात तर शंभर लाह्या जळतात, मी स्वतः कितीतरी वेळा हा हावरटपणा केलाय.

हे सगळं करूनही पिवळे गणंग वाटीच्या तळाला राहत असतील तर मका वाळलाय. मागच्या मे मधे माझं असंच झालं, माळ्यावर उघड्या पिशवीत ठेवलेला, वरून पत्र्याची उष्णता, अर्ध्याच्या वर गणंग. तोच मका एक वाटी बरणीत घेतला, अर्धा लहान चमचा पाणी टाकलं, घट्ट झाकण, दिवसातून दोन-तीनदा हलवलं. तिसऱ्या दिवशी त्याच पातेल्यात, त्याच आचेवर केला तर जेमतेम आठ-दहा राहिले. पाणी जास्त टाकू नका, बुरशी येते. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या करायच्या तर आजी आदल्या रात्री ज्वारी गरम पाण्यात भिजवून, निथळून फडक्यात बांधून ठेवायची, ते याच्यासाठीच.

आणि शेतातला साधा मका आणला असेल तर त्याच्या मागं लागू नका. सिल्लोडकडच्या पाहुण्यांनी मला दोन किलो दिला होता, त्याला तडे तेवढे गेले, फुलला काही नाही. त्याचं साल तेवढं दाब धरत नाही. लाह्यांची जातच वेगळी असते, दाणा बारका आणि टणक.

मीठ बारीक करून परातीत ओतल्यावर लगेच टाका, गरम असताना चिकटतं. हळद तेलात टाकायची असेल तर अगदी चिमूट, आणि ती दाण्यांसोबत, आधी नाही.