‘बघू’चा अर्थ कळल्यावर मागे कसं यायचं?

*पावसवरून रत्नागिरीला रोज सकाळच्या एसटीने जातो. शेजारच्या वाडीतली एक मुलगीही त्याच गाडीला असते. छान बोलते, पण मी मेसेज केला तरच. दोनदा चहाला विचारलं, दोन्ही वेळा ‘बघू’ म्हणाली. तिला रस नाही हे मला कळलंय. आता रागरुसवा न करता, गावात चर्चा न होता मागे कसं यायचं?*

तुमचा अंदाज मला बरोबर वाटतो. आपल्याकडे तोंडावर ‘नाही’ म्हणणं जड जातं, मुलींना तर फारच, कारण उद्या सकाळी पुन्हा त्याच गाडीत गाठ पडणार असते. जिची खरंच अडचण असते ती ‘आज नाही जमणार, शनिवारी चालेल का?’ असं विचारते. दोनदा ‘बघू’ आणि पुढे कुठलाच दिवस नाही, म्हणजे तो नकारच आहे, फक्त तुम्हाला न दुखवता दिलेला. तेव्हा खात्री करून घ्यायला म्हणून तिसऱ्यांदा विचारू नका.

मला हे दुसऱ्या बाजूने माहीत आहे. लग्नाआधी मी दापोलीहून खेडला नोकरीला जायचे, आणि तेव्हा दोन वेगवेगळ्या मुलांच्या बाबतीत मी त्या मुलीच्या जागी होते. पहिल्याने एका रात्री लांबलचक मेसेज पाठवला. मी तुला यापुढे त्रास देणार नाही, तू सुखी राहा, काही चुकलं असेल तर माफ कर, असा. त्यात एकही वाईट शब्द नव्हता. पण याला आता काय उत्तर द्यायचं, या विचारात माझी झोप उडाली. गप्प राहिले तर मी निष्ठुर, समजूत घातली तर पुन्हा आशा. दुसऱ्या दिवसापासून तो माझ्याकडे बघेनासा झाला, आमच्या गाडीच्या ग्रुपमधूनही बाहेर पडला. मग रोजच्या बायका मलाच विचारायला लागल्या, ‘काय गं, काय बोललीस त्याला?’ माघार त्याने घेतली, जाब मात्र मला द्यावा लागला.

दुसरा मुलगा माझ्यासाठी रोज खिडकीची जागा धरायचा, सीटवर आपली बॅग ठेवून. एका सकाळी मी चढले तर त्या जागेवर एक आजी बसलेल्या, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन, आणि हा त्यांच्याशी गप्पा मारत होता. मला बघून नेहमीसारखा हसला, ‘मागे दोन सीट रिकाम्या आहेत बघ,’ म्हणाला आणि पुन्हा आजींकडे वळला. मला काय समजायचं ते समजलं. कुणाला काही विचारावं लागलं नाही, कुणाला काही सांगावं लागलं नाही. त्याच्याबद्दल माझ्या मनात तेव्हा जो आदर निर्माण झाला तो आजही आहे, आणि आमच्या दोन्ही घरांचं जाणं-येणंही आहे.

त्याने नेमकं काय केलं बघा. माझ्यासाठी म्हणून जे खास करत होता तेवढंच थांबवलं. बाकी प्रवाशांशी जसा वागायचा तसा माझ्याशी वागत राहिला, त्याहून कमी नाही. तुम्हीही हेच माप लावा. गाडीतल्या इतर कुणाला तुम्ही हसून ‘काय, आज उशीर?’ म्हणत असाल तर तिलाही म्हणा. इतर कुणाची तिकिटासाठी सुट्ट्या पैशांवरून अडचण झाली तर तुम्ही देत असाल, तर तिलाही द्या. पण तिच्यासाठी जागा धरणं, ती येईपर्यंत स्टँडवर रेंगाळणं, तिच्या सुट्टीच्या वेळेला मुद्दाम तीच परतीची गाडी पकडणं, मे महिन्यात तिच्या घरी हापूसची पेटी पोचवणं, हे सगळं आशेपोटी होतं. ते बंद करा, आणि बंद करताना जाहीर करू नका. तुम्ही तिला मनातलं उघड सांगितलेलंच नाही, त्यामुळे निरोपाचं पत्र लिहायची गरजच पडत नाही. आधी दिलेल्याचा हिशोब तर मनातसुद्धा काढू नका, जे काही दिलं असेल ते तुम्ही आपणहून दिलं होतं. चहाचा विषय अर्धवट आहे असं वाटत असेल तर तोही तसाच राहू द्या, तो तिने कधीच मनाआड केला असेल.

फोनवर सगळ्यात जास्त घसरायला होतं. आपणहून मेसेज करणं थांबवा. तिचा आला तर दोन दिवस मुद्दाम लटकवू नका, जेवढ्यास तेवढं, नीट उत्तर द्या. ब्लॉक करू नका. तिचे स्टेटस बघून जीव कासावीस होत असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर ते म्यूट करा, तिला ते कळत नाही. आणि स्वतः दुःखी गाण्यांचे, टोमण्यांचे स्टेटस टाकू नका. ते फक्त तिच्यासाठी आहेत हे तिलाही कळतं आणि वाडीतल्या निम्म्या पोरांनाही.

पोरांवरून आठवलं. तुमच्या एखाद्या मित्राला नक्की माहीत असेल, आणि ती गाडीत चढली की तो खोकत असेल किंवा तुम्हाला कोपराने ढोसत असेल. त्याला एकट्याला गाठून सांगा, ‘तो विषय आता नाही. तिच्यावरून मला चिडवू नकोस, तिला तर अजिबातच नको.’ ‘काय झालं?’ असं तो विचारणारच. ‘काही झालंच नव्हतं,’ हे खरं उत्तर आहे. ‘तिनेच आधी आशा लावली’ असं चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. ती फक्त सहप्रवाशाशी माणसासारखं बोलत होती, आणि एवढंसं वाक्य चार घरं फिरून तिच्या आईच्या कानावर जायला वेळ लागत नाही.

यात एक अवघड वळण हमखास येतं. तुम्ही थोडे दूर झालात की ती कदाचित आपणहून बोलेल, ‘हल्ली बोलत नाहीस फारसा?’ बहुतेक जण इथेच पुन्हा अडकतात. मीही त्या दुसऱ्या मुलाशी नंतर जास्त मोकळेपणाने बोलायला लागले होते, पण त्याचं कारण एवढंच की आता तो काही मागत नाहीये याचं मला हायसं वाटलं होतं. ‘नाही गं, कामाची धावपळ आहे,’ एवढं म्हणून दुसरं काही बोला. तिने सरळ विचारलंच, ‘रागावलास का माझ्यावर?’, तर मात्र टाळू नका. ‘रागावलो नाही. मला तू आवडली होतीस, तुला तसं वाटत नाही हे लक्षात आलं, म्हणून जरा बेताने वागतो. तू नेहमीसारखीच बोल.’ एवढंच, आणि तिच्याकडून उत्तराची वाट बघत थांबू नका. तिचं मन खरोखर बदललं असेल तर ती स्वतः दिवस आणि ठिकाण सांगून भेटायचं म्हणेल. ते घडेपर्यंत गोड बोलण्याचा, हसण्याचा अर्थ लावत बसू नका.

गाडी बदलायचीही गरज नाही. अगदीच सहन होत नसेल तर थोडे दिवस आधीची गाडी धरा, कुणी विचारलं तर ऑफिसात काम आहे म्हणा, आणि मन निवलं की पुन्हा तुमच्या गाडीला या.

आणि गणपतीत आरतीची मंडळी तिच्या घरी जातील तेव्हा ‘मला बरं नाही’ म्हणून मागे राहू नका. सगळ्यांबरोबर जा, झांजा वाजवायच्या त्या वाजवा, प्रसाद घ्या, तिच्या आईवडिलांशी दोन शब्द बोला आणि सगळे उठले की उठा.