वेबिनारनंतर सगळ्यांना एकच मेल? आधी रिपोर्ट नीट वाचा

प्रश्न: वेबिनार झाल्यावर आलेल्यांना आणि नोंदणी करूनही न आलेल्यांना वेगवेगळे मेल पाठवायचे म्हणतात. खरंच गरज आहे का, आणि कधी पाठवायचे?

गरज आहे. "एकच मेल लिहा आणि वर 'आला असाल तर धन्यवाद, नसाल आला तर रेकॉर्डिंग पाहा' असं टाका" हा सल्ला मला अजिबात पटत नाही. अशा मेलमध्ये प्रत्येकाला पहिलं अर्धं वाक्य दुसऱ्याच कुणासाठी लिहिलेलं दिसतं. पण मेलचा मजकूर ही पुढची गोष्ट, घोळ त्याआधी यादीतच होतो.

झूमचं उदाहरण घेऊ. स्टॉकच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर ६० मिनिटांचा वेबिनार झाला, २०० जणांनी नोंदणी केली, ८० जणांपुढे Attended खाली Yes आलं. झूममध्ये आलेल्यांना आणि न आलेल्यांना आपोआप वेगळे मेल पाठवायची सोय आहे, पण तिच्या लेखी दोन मिनिटं डोकावून गेलेलाही 'आलेला'च. शिवाय नेट तुटून कुणी तीनदा आत आलं की रिपोर्टमध्ये त्याच्या तीन ओळी होतात. ओळी मोजल्या तर आकडा फुगतो. आणि नुसत्या डुप्लिकेट ओळी उडवल्या तर पूर्ण तास बसलेला माणूस सात मिनिटांचा होऊन बसतो.

म्हणून नोंदणीची यादी एका शीटमध्ये, हजेरीचा रिपोर्ट Att नावाच्या दुसऱ्या शीटमध्ये ठेवा आणि प्रत्येक ईमेलची मिनिटं जोडा:

```
=SUMIF(Att!D:D, B2, Att!H:H)
```

इथे B2 मध्ये नोंदणीच्या यादीतला ईमेल, Att च्या D मध्ये ईमेल आणि H मध्ये Time in Session धरलंय. तुमच्या फाईलमध्ये कॉलम कुठे आहेत ते पाहून अक्षरं बदला. बेरीज ६० च्या बरीच वर गेली तर तो माणूस एकाच वेळी दोन उपकरणांवरून आत होता, किंवा त्याने आपली लिंक दुसऱ्याला दिली होती. मोठ्या-लहान अक्षरांनी या सूत्राला फरक पडत नाही, पण ईमेलच्या शेवटी एक स्पेस राहिली तरी उत्तर शून्य येतं आणि आलेला माणूस 'न आलेला' ठरतो. आधी TRIM चालवा.

समजा, ८० पैकी १८ जण १० मिनिटांच्या आत गेले. आता गट तीन झाले: ६२ बसलेले, १८ डोकावलेले, १२० न आलेले.

६२ जणांना त्याच दिवशी मेल जायला हवा, विषय डोक्यात ताजा असताना. सुरुवात रेकॉर्डिंगने करू नका, ते त्यांनी पाहिलंय. प्रश्नोत्तरांच्या रिपोर्टमधून वेळेअभावी राहिलेले प्रश्न काढा आणि उत्तरं थेट मेलमध्येच लिहा: "दोन गोदामांचा स्टॉक एकत्र कसा दिसेल, हे आज राहून गेलं. त्याचं उत्तर असं..." त्याखाली एकच पुढची पायरी द्या, डेमोची वेळ ठरवायची लिंक. दोन लिंका दिल्या की माणूस 'नंतर बघू' म्हणतो.

१२० जणांना दुसऱ्या दिवशी, रेकॉर्डिंग तयार झाल्यावर. लिंक आधी इन्कॉग्निटो खिडकीत उघडून पाहा. पासकोड मागत असेल तर तो मेलमध्येच द्या. "तुमची उणीव भासली" नको. जो कामात अडकला होता त्याला हा टोमणा वाटतो. तासभराचं रेकॉर्डिंग नुसतं पाठवून दिलं तर तेही पडून राहतं. तीन नेमक्या जागा दाखवा: "१२:४० ला जुन्या एक्सेलमधून माल कसा चढवायचा, ३१:०५ ला कमी स्टॉकची सूचना, ४४:२० ला परतीच्या मालाची नोंद." युट्यूबवर असेल तर लिंकमागे `&t=760s` लावा, थेट १२:४० ला उघडतं. youtu.be वाल्या छोट्या लिंकला `?t=760` लागतं; तिथे आधीच प्रश्नचिन्ह असेल तर मात्र & च.

१८ डोकावलेल्यांनाही हाच मेल चालतो, फक्त पहिली ओळ बदला: "सुरुवातीनंतरचा भाग इथून पुढे आहे." त्यांना "पूर्ण वेळ थांबल्याबद्दल आभार" गेलं, की पुढचा मेल ते उघडत नाहीत.

यानंतर कोण रेकॉर्डिंगवर क्लिक करतं ते पाहा. मेल उघडल्याच्या आकड्यावर विसंबू नका, तो मेलमधलं चित्र उतरलं की मोजला जातो. २०२१ पासून ॲपलच्या मेलमधली गोपनीयतेची सोय चालू असेल तर चित्रं आधीच उतरवून ठेवली जातात आणि न उघडलेला मेलही उघडलेला दिसतो. क्लिक केलेल्यांना 'बसलेले' गटाचा डेमोचा मेल पाठवा. बाकीच्यांना तीन-चार दिवसांनी एकच आठवण, मग थांबा. ज्याने उत्तर दिलं त्याला स्वयंचलित साखळीतून लगेच काढा, नाहीतर तुमच्याशी बोलणं सुरू असतानाच त्याला "अजून पाहिलं नाहीत का?" असा मेल जातो.

नोंदणी पंधरा-वीसच असेल तर मात्र हे सूत्र वगैरे सोडा, प्रत्येकाला हाताने लिहा. आणि नोंदणी या एका वेबिनारसाठी होती; त्या १२० जणांना न विचारता कायमच्या वार्तापत्राच्या यादीत घालू नका.