विषाणुनाशक की विषाणुरोधक?

प्रश्न : «फ्लूवरच्या अँटीव्हायरल गोळ्यांना एका लेखात ‘विषाणुनाशक’ म्हटलं होतं, दुसऱ्यात ‘विषाणुरोधक’. दोन्ही चालतात का?»

फ्लूच्या गोळ्यांपुरतं म्हणाल, तर ‘विषाणुरोधक’च घ्यावा. नाशक म्हणजे थेट मारणारा. साबण विषाणूचं स्निग्ध वेष्टन फोडतो, म्हणून त्याला विषाणुनाशक म्हटलं तर शोभतं. ऑसेल्टामिविर, म्हणजे २००९च्या स्वाइन फ्लूत पुण्यात घरोघरी माहीत झालेली टॅमीफ्लू, हे करत नाही.

फ्लूचा विषाणू घशातल्या किंवा श्वासनलिकेतल्या पेशीत शिरतो आणि तिच्याकडून स्वतःच्या प्रती करवून घेतो. या प्रती पेशीच्या पृष्ठभागावर येतात खऱ्या, पण तिथल्या सायलिक आम्ल नावाच्या शर्करेला चिकटून बसतात. तो चिकटा कापायला विषाणूकडे न्यूरामिनिडेज नावाचं विकर असतं. एच१एन१ मधला ‘एन’ तो हाच. ऑसेल्टामिविर नेमकं या विकराच्या खाचेत जाऊन बसतं. कात्रीच अडकली की तयार झालेले विषाणू जागीच खिळून राहतात, शेजारच्या पेशीत जाऊ शकत नाहीत. संस्कृतातल्या ‘रुध्’ धातूचा अर्थ अडवणं तसाच कोंडून धरणंही आहे. इतका चपखल शब्द हाताशी असताना ‘नाशक’ कशाला?

शिवाय ‘नाशक’मुळे गैरसमज होतो, आणि तो महागात पडू शकतो. गोळी विषाणू मारते असं वाटलं, की माणूस म्हणतो, ‘बघू दोन दिवस, नाही उतरला ताप तर घेऊ.’ समजा, सोमवारी सकाळी अंग मोडून ताप भरला. विषाणूची वाढ त्याआधीच सुरू झालेली असते आणि साधारण पहिल्या दोन-तीन दिवसांत ती शिगेला पोचते. सोमवारी रात्री गोळी सुरू झाली तर पुढच्या कितीतरी पेशी वाचतात. गुरुवारी सुरू केली तर पसरायचं ते बहुतेक पसरून झालेलं असतं. आता अडवायचं कोणाला? म्हणून डॉक्टर ४८ तासांच्या आत म्हणतात. एरवी धडधाकट माणसाचं दुखणं त्यामुळे साधारण एखाद्या दिवसानेच कमी होतं. गरोदर बाई, दमेकरी, वयस्क माणसं यांच्या बाबतीत मात्र तपासणीचा अहवाल यायची वाट न पाहता डॉक्टर औषध सुरू करतात. रुग्णालयात दाखल करण्याइतका आजार वाढला असेल, तर ४८ तास उलटले तरी देतात, कारण अशा रुग्णात विषाणूची वाढ जास्त दिवस चालू राहते.

‘विषाणुप्रतिबंधक’ हाही पर्याय कुणी सुचवतात. पण प्रतिबंधक म्हटलं की आपल्याला लस आठवते, म्हणून तो मी टाळतो.

लिहिताना ‘णु’ ऱ्हस्व. एकटा ‘विषाणू’ दीर्घ, पण समासात पहिलं पद झालं की ‘जंतुनाशक’सारखंच ‘विषाणुरोधक’.