आंतरधर्मीय लग्न: आजोबांना पत्रात काय लिहावं?

प्रश्न: मी साताऱ्याची हिंदू, तो वसईचा कॅथलिक. दोन्ही घरं नाराज आहेत. आजोबांचा आशीर्वाद मागणाऱ्या पत्रात हे लिहावं का?

उत्तर: लिहाच. आणि पत्र विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस देण्याआधी आजोबांच्या हाती पडू द्या. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार ती नोटीस कार्यालयात लागते आणि ३० दिवस हरकतीसाठी असतात. तेवढ्यात बातमी गावभर होते, मग पत्राला अर्थ उरत नाही.

आजोबांची खरी भीती बहुधा ‘पोरगी बाटणार’ हीच असेल. तिथे गोलमोल लिहू नका. या कायद्याने लग्न करताना कुणालाच धर्म बदलावा लागत नाही. चर्चमध्येही विधी करायचा असेल, तर बिशपांची खास परवानगी घेऊन तो धर्मांतराशिवाय होतो. मात्र त्यासाठी मुलांचा बाप्तिस्मा व्हावा म्हणून आपल्याकडून होईल तेवढं करीन, असं वचन त्याला द्यावं लागतं. नेमकं हेच लोक लपवतात आणि बारशाच्या वेळी भांडण पेटतं. आधी दोघं बोलून घ्या, मग असं काहीसं लिहा:

‘ती. आजोबांस सा. न. आईला वाटतं, मी गौरीला घरी येणार नाही. मी येईन. त्याच्या आईला वाटतं, नातवंडं चर्चला जाणार नाहीत. त्याने वचन दिलंय, ते मला माहीत आहे. नाव काय ठेवायचं, हे आम्ही दोघं ठरवू. तुम्हाला पटलं नाही तर रागवा, पण आम्हाला एकदा समोर बसवून.’

खाली दोघांनीही सही करा. ‘परवानगी’ हा शब्द टाळा. तुम्ही आशीर्वाद मागताय.