तिन्ही गोळ्या एकदम का?

“सासूबाई ७६ वर्षांच्या. परळला चाळीत आमच्या दोन खोल्या. झोपेसाठी त्या क्लोनाझेपाम घेतात. महिन्यात दोनदा रात्री मोरीकडे जाताना पडल्या, नशिबाने मुका मारच लागला. बीपीची, लघवी होण्याची आणि झोपेची, तिन्ही गोळ्या मी रात्री ९ला आठवणीने देते. पण डायपर लावायला त्या तयारच नाहीत. कसं समजवू?”
– एक सून

डायपरचा विषय आधी सोडा. त्या नाही म्हणतात ते बरोबर आहे.

लघवीची गोळी रात्री ९ला द्यायला कोणी सांगितलं? फ्युरोसेमाइडसारखी गोळी तासाभरात काम सुरू करते आणि पुढे ६-८ तास लघवी होत राहते. क्लोनाझेपामचा जोर घेतल्यावर १ ते ४ तासांत सर्वांत जास्त असतो. म्हणजे १० ते १च्या दरम्यान एक गोळी त्यांना उठवते आणि दुसरी पाय लटपटवते. त्यात बीपीच्या गोळीमुळे उभं राहताच रक्तदाब घसरू शकतो. विसर पडू नये म्हणून तुम्ही तिन्ही एकत्र केल्यात. घात तिथेच आहे.

उद्या सकाळीच डॉक्टरांना फोन करा. लघवीची गोळी सकाळी नाश्त्यानंतर दिली तर चालेल का आणि बीपीची कधी द्यायची, हे विचारा. दोनदा पडल्याचंही सांगा. क्लोनाझेपाम मात्र स्वतःहून बंद करू नका. अचानक थांबवली तर फिट येऊ शकते. कमी करायची तर डॉक्टरच हळूहळू करतील. आणि मध्यरात्री झोप मोडली म्हणून आणखी अर्धी गोळी कधीही नाही.

क्लोनाझेपामचा अंमल पहाटेपर्यंत उरतोच, त्यामुळे खोलीची मांडणीही बदलावी लागेल. मोरीचा कठडा आणि ओली फरशी हा रस्ता रात्रीपुरता बंद करा. सर्जिकलच्या दुकानातून कमोड खुर्ची आणा: बिनचाकाची, हात असलेली, पायांना रबरी टोप्या असलेली. त्या ज्या बाजूने उतरतात तिथेच, पलंगापासून हातभर अंतरावर, पाठ भिंतीला टेकवून ठेवा. पलंगावर बसल्यावर त्यांचे तळवे जमिनीला पूर्ण टेकायला हवेत. पायपुसणं उचला. त्या बाजूची मच्छरदाणी गादीखाली खोचू नका, गुंगीत पाय अडकतो. दिवा खालच्या प्लगमध्ये, रात्रभर चालू.

झोपेची गोळी लघवीला जाऊन आल्यावर, पलंगावर बसूनच घेऊ द्या. नंतर टीव्हीसमोर बसणं नाही. रात्री जाग आली की आधी दोन मिनिटं काठावर बसून घोटे हलवायचे, मगच उभं राहायचं.

आठवडाभर त्या किती वाजता उठतात ते लिहून ठेवा. गोळी सकाळी नेऊनही तीन-चारदा उठत असतील, तर संध्याकाळी पायांना सूज असते का पाहा (आडवं झाल्यावर ते पाणी रात्री लघवीवाटे निघतं), आणि साखर व लघवी तपासून घ्या. डोक्यावर पडल्या तर मात्र नीट बोलत असल्या तरी लगेच दवाखान्यात न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर सकाळपर्यंतसुद्धा थांबू नका.