आखडलेल्या बोटांचा शिंपी: कथेत काय खरे वाटेल?

प्रश्न: नाशिकमधल्या एका म्हाताऱ्या शिंप्यावर लघुकथा लिहीत आहे. त्याची बोटे आखडतात, दुखतात आणि कसब हातचे जाईल अशी त्याला भीती आहे. सुईत दोरा ओवताना त्याचा हात थरथरतो, असा प्रसंग लिहिला आहे. शिवणकाम जाणणाऱ्याला तो खरा वाटेल का?

थरथर काढून टाकावी, असे मला वाटते. हात थरथरणे हे वेगळे दुखणे आहे आणि सुईचे नेढे न दिसणे हा डोळ्यांचा दोष आहे. बोटांचे सांधे झिजलेला शिंपी चांगल्या उजेडात दोरा बहुधा ओवतो. त्याची अडचण पुढे सुरू होते. कोटाच्या कॉलरला कापड आणि कॅनव्हास एकत्र टाचताना सुई अर्धी बाहेर येते, आणि ती अंगठा व तर्जनीच्या चिमटीत धरून खेचताना अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ, कळ उठते.

मी मेन रोडमागच्या एका गल्लीत वडिलांच्या हाताखाली हे काम शिकलो आणि त्यांची बोटे अशी होत गेलेली जवळून पाहिली. पहिली खूण अंगुस्तानाने दिली. मधल्या बोटाच्या टोकाकडच्या सांध्यावर हाडासारख्या टणक गाठी आल्या आणि वर्षानुवर्षे सहज चढणारे अंगुस्तान तिथे अडू लागले. मोठे घेतले, तर सुई रेटताना ते बोटावर फिरायचे. म्हणून त्यात आतून चिंधी चिकटवली. सुताच्या त्या चिंधीला घामाचा पिवळा डाग पडला होता. तुमच्या कथेला थरथरत्या हातापेक्षा अशी एखादी वस्तू अधिक उपयोगी पडेल.

दुसरी खूण कापडाच्या कडेवर उमटते. बेतताना मोठ्या कात्रीचे खालचे पाते टेबलावर टेकलेले असते, त्यामुळे तिचे वजन फारसे जाणवत नाही. पण अंगठा पुरता उघडत नसेल, तर लांब सरळ काप घेता येत नाही. शिंपी तोकडे तोकडे काप घेतो आणि कात्री जिथे जिथे थांबते, तिथे कडेला बारीक दाते पडतात. बाहीच्या मुंढ्यासारख्या वळणावर ते लगेच दिसतात. हाताखालच्या पोराने ती कड पाहून काही न बोलणे, हा प्रसंग मी तरी नक्की घेईन. नंतर शिंपी दुहेरी घडी एकदम कापण्याऐवजी एकेक पदर कापू लागतो, आणि काम दुप्पट वेळ खाते.

वेळापत्रकही जपावे. झिजेच्या दुखण्यात सकाळी बोटे आखडतात, पण हालचाल सुरू झाली की साधारण अर्ध्या तासात सैल होतात. दिवसभर राबल्यावर संध्याकाळी मात्र ठणकतात. पौषातल्या नाशिकच्या थंडीत सकाळचे आखडणे अधिक जाणवते. असा माणूस दुकान उघडल्यावर कोमट पाण्यात हात धरतो, आधी मापे घेतो, खडूने आखतो, आणि हाताचे काज अकराच्या सुमारास काढायला घेतो. आखडणे तासाभराहून जास्त टिकत असेल आणि दोन्ही हातांची बोटांच्या मुळाकडची पेरे मऊ सुजून गरम लागत असतील, तर तो आमवात असू शकतो. त्यावर वेळेत औषध सुरू करणे महत्त्वाचे असते, आणि मग तुमची कथाच निराळी होईल.

कथेचा पेच काजात ठेवावा. हाताच्या काजात चीर आधी कापतात आणि मग तिच्या कडेने गाठीचे टाके घालत जातात. प्रत्येक गाठ सारख्याच ओढीने बसली, तरच कड उठावदार आणि एकसंध दिसते. चिमूट सुटू लागली, की एक गाठ घट्ट आणि पुढची सैल पडते. साध्या मशीनवर आधी शिवून मग मधे चीर देतात, म्हणून तिच्या आत सुताचे तंतू डोकावतात. समजा, लग्नाच्या कोटाची काजे मास्तरांनी गुपचूप बाहेरून मशीनवर करून आणली. जुने गिऱ्हाईक बोट फिरवून म्हणते, "मास्तर, हे काज तुमचे नाही." मास्तरांनी तेव्हा काय उत्तर द्यावे, ते तुम्ही ठरवा, फक्त त्यांनी बोटे पुढे करून दाखवू नयेत, कारण या धंद्यात हाताचे दुखणे कळले की चांगले कापड दुसऱ्या दुकानात जाते.

शेवटी एखाद्या तेलाने किंवा वैद्याने त्यांना बरे मात्र करू नका. झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही. शेकाने, मलमाने आणि अंगठ्याला आधार देणाऱ्या पट्ट्याने दुखणे कमी होते, पण पट्टा बांधून बारीक टाका घालताना सुई नीट वळत नाही, म्हणून वडील तो रात्री बांधत आणि दुकानात काढून ठेवत. वेदनेच्या गोळ्या रोज घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. तुमचे मास्तर त्या गोळ्या लग्नसराईपुरत्या घेऊ शकतात, आणि बाकीचे वर्ष हाताची काजे सोडून पायजमे, सदरे आणि उसवलेल्या कपड्यांची दुरुस्ती, असे मशीनवरचे काम धरू शकतात.