ग्रुप फोटोतली नावे ॲप आपल्याकडून पक्की का करून घेते?

प्रश्न : फोटो ॲपला चेहरा ओळखता येतो, नावही ते स्वतःच सुचवते, मग ‘ही तीच व्यक्ती आहे का?’ असे पुन्हा का विचारते? आणि ज्याचा फोटो आहे त्याची संमती यात कुठे येते?

ॲपला नाव ठाऊक नसते, त्याला दोन चेहऱ्यांमधले अंतर तेवढे मोजता येते. फोटोतला प्रत्येक चेहरा कापून, सरळ करून त्याचे संख्यांच्या एका यादीत रूपांतर केले जाते. गुगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेल्या ‘फेसनेट’ या पद्धतीत ही यादी १२८ संख्यांची होती. दोन याद्या पुरेशा जवळ आल्या तर व्यक्ती एकच, फार लांब गेल्या तर वेगळी, असे धरले जाते. मधल्या पट्ट्यात पडणाऱ्या चेहऱ्यांबाबत मात्र अंदाजाने नाव चिकटवण्यापेक्षा आपल्याला विचारणे ॲपला परवडते, कारण चुकलेले नाव वापरणाऱ्याला न सुचलेल्या नावापेक्षा जास्त खटकते.

ग्रुप फोटोत हा मधला पट्टा फार रुंद होतो. माझ्या मावसबहिणीच्या लग्नातला एक फोटो घ्या. त्याची रुंदी ४००० पिक्सेल आणि मागच्या रांगेत वीस माणसे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे २०० पिक्सेल. त्यातला चेहरा फार तर ७०-८० पिक्सेलचा. तोच फोटो व्हॉट्सॲपवरून १६०० पिक्सेलचा होऊन आला, तर चेहरा तिसेक पिक्सेलवर येतो. त्यात कोणाच्या कपाळावर मुंडावळ्या, कोणी मान वळवलेली, कोणी मागून नुसते डोकावलेले. माझी आई आणि मावशी एरवीही सारख्या दिसतात. या फोटोत ॲपने मावशीच्या चेहऱ्यावर आईचे नाव सुचवले आणि मी घाईत ‘हो’ म्हटले. त्या एका होकाराने मावशीचे इतर फोटोही हळूहळू आईच्या नावाखाली जमू लागले, कारण पक्का केलेला चेहरा पुढच्या तुलनांसाठी नमुना म्हणून वापरला जातो. एका नावाखाली दोन वेगळ्या चष्म्यांचे किंवा न जुळणाऱ्या वयांचे चेहरे दिसू लागले, की असे काही झाले आहे हे ओळखावे आणि चुकीचे फोटो त्या गटातून काढून टाकावेत. अस्पष्ट चेहऱ्याला ‘खात्री नाही’ म्हणून सोडून देण्यात काहीच कमीपणा नाही.

आता संमतीबद्दल. तुमचा ‘हो’ हा ओळखीबद्दलचा तुमचा शब्द असतो. फोटोतल्या व्यक्तीची परवानगी त्यात येत नाही. तुमच्या स्वतःच्या संग्रहात, फक्त तुम्हाला दिसणारे ‘मावशी’ हे नाव आणि समाजमाध्यमावर तिच्या खात्याला जोडलेला, इतरांना दिसणारा टॅग यांत म्हणूनच मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात ती व्यक्ती कुठे, कोणासोबत होती हे चारचौघांत जाहीर होते.

हा फरक किती महागात पडू शकतो हे फेसबुकच्या उदाहरणातून दिसते. त्यांनी २०१० च्या अखेरीस टॅग सुचवण्याची सोय आणली आणि ती आपोआप चालू ठेवली. ज्याला नको असेल त्याने बंद करावी, अशी रचना होती. अमेरिकेतील इलिनॉय राज्याचा २००८ चा कायदा नेमका याच्या उलट आहे : चेहऱ्याची मोजणी साठवण्यापूर्वी लेखी संमती घ्यावी लागते. त्यावरून झालेल्या दाव्यात ६५ कोटी डॉलरच्या तडजोडीला २०२१ मध्ये न्यायालयाची मंजुरी मिळाली. युरोपात ही सोय २०१२ मध्येच थांबवली गेली होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीने ती सर्वत्रच बंद करून शंभर कोटींहून अधिक लोकांचे चेहऱ्याचे साचे, म्हणजे चेहऱ्यावरून बनवलेल्या संख्यांच्या याद्या, पुसून टाकण्याची घोषणा केली.

संमतीचा नियम पाळायचा ठरवला, तर ॲपने फक्त होकार दिलेल्यांचे साचे ठेवावेत आणि बाकीच्यांना अनोळखी मानावे, हे वाजवी वाटते. पण समोरचा चेहरा होकार दिलेल्यांपैकी नाही हे कळण्यासाठीही त्याची मोजणी करून तुलना करावी लागते. फेसबुकवर खातेच नसलेल्या, पण मित्रांनी चढवलेल्या फोटोंत दिसलेल्या एका माणसाने याच मुद्द्यावर दावा केला होता. २०२४ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. अशा तात्पुरत्या मोजणीवरून त्याची ओळख पटवता येत नाही, असे त्यामागचे कारण होते. मला हा निर्णय तांत्रिक दृष्ट्या पटतो, पण त्या माणसाची अस्वस्थताही समजते : त्याला कोणी विचारलेच नव्हते.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा व्यक्तीने निव्वळ खासगी किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही. त्यामुळे तुमच्या फोनमधल्या संग्रहात मावशीचे नाव लिहिण्यासाठी तिची परवानगी कायद्याने लागत नाही. तोच फोटो टॅग करून जाहीर करण्याआधी मात्र मी तिला फोन करतो, आणि दोनदा तिने ‘नको रे, राहू दे’ असेच सांगितले आहे.